सहा मिनिटं, वीस गुण आणि ‘मी गेली’

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या मराठी वर्गातल्या नऊ वर्षांच्या मुलीला मी तोंडी परीक्षेत २० पैकी ११ गुण दिले. वर्ग सुटल्यावर तिची आई पार्किंगमध्ये माझ्यासाठी थांबली होती. भांडायला नव्हे. ती एवढंच म्हणाली, “ताई, अकरा तर अकरा. पण नऊ कुठे गेले तेवढं सांगाल का? म्हणजे सुट्टीत त्याच्यावर बसता येईल.”

मला सांगता आलं नाही. माझ्या वहीत तिच्या नावापुढे ‘११’ होतं आणि खाली तीन शब्द अधोरेखित केलेले होते. मी काहीतरी ‘वाक्यरचना थोडी कच्ची आहे, वाचन वाढवा’ असं बोलून गाडीत बसले. घरी पोहोचेपर्यंत स्वतःचीच लाज वाटत होती. कारण हे उत्तर मी पूर्वीही शेकडो वेळा दिलेलं होतं.

तिकडे कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत असताना बारावीच्या १०० गुणांपैकी २० तोंडीचे असत. एका दुपारी साठ-साठ मुलं. विद्यार्थी आत यायचा, एक उतारा वाचायचा, दोन वाक्यं बोलायचा आणि आमच्या हातून १७ नाहीतर १८ पडायचे. सतरा का आणि अठरा का, हे कोणी विचारत नसे. तिकडे चालून गेलं, कारण तिथल्या मुलांची मराठी त्या वीस गुणांवर अवलंबून नव्हती. इथे हर्नडनमध्ये मूल आठवड्यातून दीड तास वर्गात येतं, बाकीची मराठी घरात ऐकतं, आणि मराठी बोललं म्हणून बाहेरच्या माणसाने त्याची पाठ थोपटावी किंवा कान धरावा असा प्रसंग वर्षातून हा एकच. तो आंधळा गुण देऊन वाया घालवायचा नाही, असं मी आणि माझ्याबरोबर वर्ग घेणाऱ्या मैत्रिणीने ठरवलं. यंदाच्या सदरात त्या एका तासिकेचीच गोष्ट सांगते. आमच्यासारखे रविवारचे वर्ग घेणारे बरेच जण हा अंक वाचतात, त्यांना उपयोग होईल.

आमच्या गटात नऊ ते अकरा वर्षांची दहा मुलं. वेळ नव्वद मिनिटं. आकडेमोड सोपी होती: प्रत्येकाला सहा मिनिटं बोलायला, दोन मिनिटं आम्हाला गुण लिहायला, म्हणजे ऐंशी मिनिटं आणि वर दहा मिनिटांची सैल जागा. सहा मिनिटं कमी वाटतात, पण दहा वर्षांचं मूल मोठ्या माणसासमोर एकटं सलग सहा मिनिटं बोलतं तेव्हा ती चांगली लांब असतात. दोघींपैकी एकीने फक्त बोलायचं आणि दुसरीने फक्त लिहायचं, हा पहिला नियम. बोलता बोलता लिहायला लागलं की परीक्षक खाली बघतो. मुलाला वाटतं आपण चुकलो, आणि ते तिथेच थांबतं. लिहिणारीने मुलाच्या समोर न बसता जरा बाजूला बसायचं.

सहा मिनिटांचे चार तुकडे केले. पहिलं मिनिट गप्पांचं: कुणाबरोबर आलास, बाहेर थंडी आहे का. याला गुण नाहीत, आणि तसं मुलाला आधीच सांगायचं. मग दोन मिनिटं माहीत असलेल्या विषयावर, दीड मिनिट चित्रावर, दीड मिनिट एका प्रसंगाच्या कार्डावर. त्यात मी दुसरी कोणीतरी होते आणि मुलालाही मला प्रश्न विचारावे लागतात. शेवटी निघताना एक अगदी सोपा प्रश्न, म्हणजे मूल हरल्यासारखं उठून जात नाही. ही रचना आमची नाही. भाषेच्या तोंडी मुलाखती घेणारे लोक असंच करतात: आधी अंग सैल करायचं, मग मुलाला जिथे आरामात बोलता येतं ती पातळी बघायची, मग एकदा-दोनदा थोडं वर ढकलून बघायचं, आणि परत खाली आणून सोडायचं.

या पद्धतीचं मूळ आपल्या घरापासून फार लांब नाही. अर्लिंग्टनच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटमध्ये परराष्ट्र खात्याच्या लोकांना भाषा शिकवतात. तिथे १९५० च्या दशकात अशी मुलाखत आणि तिची पट्टी तयार झाली. त्यांचा एक जुना गुणतक्ता मी मुद्दाम शोधून वाचला. उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ आणि आकलन असे पाच भाग, एकूण ९९ गुण. त्यातले व्याकरणाला जास्तीत जास्त ३६ आणि उच्चारांना फक्त ४. हे वाचून मी जरा चपापले. आमच्या मुलांच्या बोलण्यात आम्हाला पहिल्यांदा खटकतो तो ‘ळ’ आणि ‘त’चा ‘ट’, आणि त्या खटकण्याचे किती गुण आम्ही कापत आलो ते कधी मोजलंच नव्हतं.

तेव्हा आमचा तक्ता असा झाला. समजणं ५, सांगणं ५, शब्द ४, व्याकरण ४, उच्चार २. पाच ओळी, एक पान. खरं काम पुढे होतं: प्रत्येक आकड्यासमोर मूल काय करेल तेव्हा तो आकडा मिळेल, हे एका वाक्यात लिहायचं. ‘उत्तम’, ‘बरे’, ‘सुधारणा हवी’ असले शब्द आम्ही काढून टाकले, कारण त्यांनी काहीच कळत नाही. व्याकरणाच्या ओळीत लिहिलं: चूक नाही, किंवा झालेली स्वतःच सुधारली, तर ४. एक-दोन प्रकारच्या चुका, ३. तीन-चार प्रकारच्या, पण अर्थ कळतो, २. अर्थच अडतो, १. इथे ‘प्रकार’ हा शब्द महत्त्वाचा. मुलाने ‘पहिला स्टेशन’, ‘दुसरा स्टेशन’, ‘तिसरा स्टेशन’ म्हटलं तर ती तीन चुका नव्हेत, स्टेशनचं लिंग माहीत नसल्याची एकच चूक आहे. चुका नुसत्या मोजल्या तर जास्त बोलणाऱ्या मुलाचे गुण कमी होतात आणि दोन शब्दांत उत्तरं देणारं मूल वर जातं.

समजण्याचे गुण आम्ही मदतीवर बांधले. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजायचे. शांतता परीक्षकालाच असह्य होते, मुलाला नाही. बरीचशी मुलं चौथ्या आकड्याला बोलायला लागतात. नाही बोललं तर तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा. तरी नाही, तर सोप्या शब्दांत. तरी नाही, तर पर्याय देऊन: ‘बसने की गाडीने?’ आणि शेवटी इंग्रजीत. एकदा पुन्हा विचारावं लागलं तर गुण जात नाही, आपणही फोनवर ‘काय म्हणालात?’ म्हणतोच. सोपं करून किंवा पर्याय देऊन विचारावं लागलं की ४, असं तीन-चारदा झालं की ३, इंग्रजीत जावं लागलं की २, आणि बहुतेक सगळंच इंग्रजीत विचारावं लागलं तर १. कुठल्या प्रश्नाला किती पायऱ्या उतराव्या लागल्या ते लिहिणारी बारीक रेघांनी टिपत असते.

प्रश्न तयार करताना मला बारावीच्या वर्गात कधी न कळलेली गोष्ट कळली. ‘तुला आंबा आवडतो का?’ हा प्रश्नच नाही. त्याचं उत्तर ‘हो’. मूल बरोबर, आणि आपल्याला हाती काहीच नाही. त्याऐवजी ‘काल रात्री घरी जेवायला काय होतं आणि कोणी काय खाल्लं?’ असं विचारून बघा. एका ताटात तिन्ही लिंगं आहेत: मी भात खाल्ला, पोळी खाल्ली, वरण खाल्लं. इंग्रजीत विचार करणारं मूल ‘मी पोळी खाल्लो’ म्हणतं, कारण तिथे क्रियापद खाणाऱ्याकडे बघतं आणि आपल्याकडे ते पोळीकडे बघतं. शिवाय बाबा जेवले पण बाबांनी भात खाल्ला, हा ‘नी’ त्याच ताटात येतो. लिंगाची यादी पाठ करवून जे कळत नाही ते जेवणाच्या एका प्रश्नात कळतं. मात्र दूध किंवा पाण्याचा प्रश्न मी टाळते. ‘मी पाणी प्यायलो’ हे बरोबर आहे, तिथे क्रियापद पिणाऱ्याकडेच बघतं, आणि पालकांच्या सभेत यावर वाद घालण्यात वीस मिनिटं जातात. (गेली आहेत.)

तक्ता परीक्षेच्या तीन आठवडे आधी घरोघरी पाठवला. दोन बाबांनी लगेच विचारलं की सगळं आधी सांगितलं तर मुलं पाठ करून येतील. शंका रास्त होती. आम्ही सांगितलं ते हे: गुण कशाला आहेत ते सगळं उघड, माहितीचे तीन विषय उघड, त्यातला एक आम्ही त्या वेळी निवडू, चित्र आणि कार्ड मात्र बंद. आणि पाठ केलेलं ओळखायला वेळ लागत नाही. सूर एकसारखा चालतो, नजर छताकडे जाते. अशा वेळी मी मध्येच थांबवते: ‘एक मिनिट, ते कुत्रं कोणाचं म्हणालास?’ पाठ केलेलं असेल तर मूल पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतं. मनापासून सांगत असेल तर ‘शेजाऱ्यांचं’ म्हणतं आणि पुढे जातं. पाठांतराला शिक्षा नाही, पण तेवढ्या भागावर ‘सांगणं’चे गुण तीनच्या वर जात नाहीत, हेही तक्त्यात लिहिलेलं होतं.

पहिल्या मसुद्यात व्याकरणाच्या ओळीवर मी एक मथळा दिला होता: ‘शुद्ध वाक्यरचना’. पालकांची सभा झाली त्या रविवारी गेल्या वर्षीच्या त्या अकरा गुणवाल्या मुलीची आजी अमरावतीहून आलेली होती. सहा महिने लेकीकडे मुक्काम. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, आणि चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन बसल्या.

“काय वो ताई, हे शुद्ध म्हणजे कोणाचं शुद्ध?” त्या हसतच म्हणाल्या. “मी तं ‘मी गेली’च म्हणते. माही नात माह्याशी फोनवर बोलून बोलूनच शिकली. मंग माह्या बोलण्याले किती मार्क देऊन राहिल्या तुम्ही?”

मी घरी येऊन गेल्या वर्षीची वही काढली. त्या मुलीच्या नावाखाली अधोरेखित केलेले तीन शब्द होते: ‘गेली’, ‘आली’, ‘करून राहिली’. बाकी काही नाही. तिने सांगितलं होतं की ती आजोबांबरोबर बाजारात गेली होती, आणि मी तिच्या आजीच्या मराठीचे गुण कापले होते. आईने नंतर सहज सांगितलं की त्या परीक्षेनंतर मुलगी फोनवर आजीला ‘तू चुकीचं बोलतेस’ म्हणायला लागली आणि मग बोलायचंच कमी झालं. सहज सांगितलं तिने, तक्रार म्हणून नाही. मला ते अजून बोचतं.

‘मी गेले’ ही प्रमाण मराठी, पुस्तकातली, आणि माझ्या घरातलीही. म्हणून ती मला शुद्ध वाटते. पण विदर्भात बायका ‘मी गेली’ म्हणतात, मुंबईतही पुष्कळ जणी म्हणतात. ‘काय करून राहिली’ हे वऱ्हाड-नागपूरकडचं रोजचं चालू वर्तमान आहे, आणि त्याला त्याचे नियम आहेत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मिळून मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं आहे, त्यात अशीच रूपं जिल्ह्याजिल्ह्यांत कशी बदलतात ते माणसांचं बोलणं नोंदवून दाखवलं आहे. ते पाहिल्यावर माझी आणखी एक खात्रीची ‘चूक’ गेली. दक्षिणेकडे, कानडी मुलखाच्या शेजारी, मोठी माणसंही ‘मी काम केलो’ म्हणतात. म्हणजे ‘मी पोळी खाल्लो’ हे पुण्याच्या घरातल्या मुलाने म्हटलं तर इंग्रजीचा परिणाम, आणि सोलापूरकडच्या घरातल्या मुलाने म्हटलं तर कदाचित आजोबांचा.

मग चूक ठरवायची कशी? सगळंच चालतं म्हणून सोडलं तर व्याकरणाची ओळ ठेवण्यात अर्थ नाही. आमचा तोडगा असा: ज्या रूपात मुलाच्या घरातलं कोणीही मोठं माणूस बोलत नाही, ती चूक. ‘आई आला’, ‘मी भूक लागली’, ‘मला शाळेत जातो’ हे अमरावतीत, पुण्यात, सोलापुरात, कुठेच कोणी म्हणत नाही. ‘शुद्ध वाक्यरचना’ खोडून ‘घरच्या मराठीप्रमाणे वाक्यरचना’ लिहिलं. आणि संमतिपत्राच्या मागच्या बाजूला चार वाक्यं छापली: ‘(मुलगी बोलते आहे) मी काल बाजारात ___’, ‘तू आता काय ___?’, ‘मी काल खूप काम ___’, ‘___ भूक लागली’. घरातल्या सगळ्यात जास्त मराठी बोलणाऱ्या माणसाने रिकाम्या जागा भराव्यात, जसं बोलतात तसं, पुस्तकासारखं नाही. दहापैकी चार कागदांवर मला अपेक्षित नसलेलं काहीतरी आलं. आजींनी शेवटच्या जागेत ‘मले’ लिहिलं आणि खाली सही केली.

माझ्या मैत्रिणीला हे सगळं लगेच पटलं नाही. तिचं म्हणणं असं की ही मुलं पुढे लेखी परीक्षा देतील, तिथे ‘मी गेली’ चालणार नाही, आणि मग फसवल्यासारखं होईल. तिचं खरं होतं. म्हणून तक्त्याच्या तळाशी गुण नसलेली एक चौकट आली: ‘पुस्तकात असं लिहितात’. तिथे ‘मी गेले’ लिहायचं, आणि मुलाला सांगायचं की आजीशी एक, कागदावर दुसरं. मुलांना हे आपल्याला वाटतं तेवढं अवघड जात नाही. ती शाळेत एक आणि घरी दुसरी भाषा रोज बोलतातच.

इंग्रजी शब्दांचा प्रश्न सोपा निघाला. ट्रेन, फ्रिज, स्टेशन, शाळेतला प्रोजेक्ट हे शब्द महाराष्ट्रातही तसेच बोलतात, त्यांना गुण जात नाही. तिकडच्या आजीला कळेल का, एवढी एकच कसोटी. ‘मग ती खूप अपसेट झाली’ कळेल. ‘देन शी गॉट सो मॅड’ कळणार नाही. असं अख्खं वाक्य इंग्रजीत गेलं की लिहिणारी ‘इं’ लिहिते. एखादाच ‘इं’ आणि शब्दांत बाकी अडखळणं नाही, तर ३. दोन-तीन असले की २.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघींनी एका मुलाचं ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या खोल्यांत बसून ऐकलं आणि गुण दिले. तो आमच्या गटातला नव्हता, माझ्याच घरातला होता, त्यामुळे परवानगी पटकन मिळाली. मी १३ दिले, तिने १७. चार गुणांचा फरक! मी घरच्या मुलाला कडक होते, आणि ती पाहुणी असल्यासारखी सैल. एकेका ओळीवर बोट ठेवून आम्ही १५ वर आलो. ही तासाभराची बैठक टाळली असती तर बाकी तक्त्याला काही किंमत नव्हती. परीक्षेत दोघींनी स्वतंत्र गुण द्यायचे, आणि बेरजेत दोन किंवा जास्त फरक पडला तर घरी ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकायचं, असं ठरलं. ध्वनिमुद्रणाची लेखी परवानगी पालकांकडून घेतली होती, आणि निकालानंतर ते पुसून टाकायचं हेही त्यात लिहिलं होतं.

ती मुलगी यंदा सातवी आत आली. आता दहा वर्षांची. गप्पांचं मिनिट नीट गेलं. मग जेवणाचा प्रश्न.

“पोळी, वरण, भात आणि ते… हिरवं… भेंडी.”

“कोणी काय खाल्लं?”

“मी वरण खाल्लं, भात खाल्ला. पोळी नाही खाल्लो… खाल्ली. बाबा भेंडी खाल्ले.”

‘खाल्लो’चं ‘खाल्ली’ तिने स्वतः केलं, ती चूक धरायची नाही. ‘बाबा भेंडी खाल्ले’ ही मात्र चूक. घरी आजीही ‘बाबांनी’च म्हणते. चित्र फ्राइंग पॅन फार्म पार्कमधल्या गायीचं होतं, ते तिने छान सांगितलं, पण कुंपण शब्द सापडला नाही म्हणून ‘लाकडाची भिंत’ म्हणाली. मला तो शब्द सुचवायचा मोह झाला, आणि मी तो आवरला. शब्द न सापडल्यावर वळसा घालून सांगणं हे ‘सांगणं’च्या ओळीत मोलाचं आहे; आपण शब्द पुरवला की ते बघायची संधी जाते.

मग कार्ड: मावशी भारतातून डलसला उतरली आहे, तिला मेट्रोने हर्नडनला कसं यायचं ते फोनवर सांग आणि तिला दोन प्रश्न विचार. सिल्व्हर लाइन आपल्या गावात आल्यापासून हा प्रसंग मुलांना परका नाही. मी मावशी झाले.

“अगं, मी बाहेर उभी आहे. कुठे जाऊ आता?”

“मावशी, तू ट्रेन पकड. पहिला स्टेशन सोड. दुसरा स्टेशन हर्नडन. तिथे उतर. मी वाट पाहून राहिली.” मग थोडं थांबून, “तुझ्या बॅगा किती आहे? तू जेवली का?”

‘वाट पाहून राहिली’ म्हणताना तिने माझ्याकडे चटकन बघितलं. मी मावशीच होते, मी म्हणाले, “जेवले गं विमानात, पण काही चव नव्हती.” ती हसली.

माझी बेरीज १७ आली: समजणं ५, सांगणं ४, शब्द ३, व्याकरण ३, उच्चार २. मैत्रिणीची १५. नियमाप्रमाणे संध्याकाळी पुन्हा ऐकलं. व्याकरणात तिने चार प्रकार धरून २ दिले होते: ‘बाबा खाल्ले’, ‘पहिला स्टेशन’, ‘पाहून राहिली’ आणि ‘जेवली’. सवय! शेवटचे दोन तिने स्वतःच खोडले, कारण अमरावतीचा कागद समोर होता. राहिले दोन प्रकार, म्हणून ३. (‘बॅगा किती आहे’ आम्ही दोघींनी पहिल्यांदा ऐकलंच नव्हतं. ते धरलं तर तीन प्रकार होऊन २ व्हायला हवे होते. आम्ही बरंच घुटमळलो. शेवटी ते ‘आहे’ होतं की घाईतलं ‘आहेत’ हे तीनदा ऐकूनही कळेना, आणि न कळलेल्या गोष्टीचा गुण कापायचा नाही असं ठरलं.) समजण्यात मात्र तिने ४ दिले होते आणि मी ५. मला आठवत होतं की मी काहीच मदत केली नाही. ध्वनिमुद्रणात माझाच आवाज स्वच्छ आला, गायीच्या चित्राच्या वेळी: ‘ती उभी आहे की बसली आहे?’ पर्याय दिला होता, आणि मला पत्ताही नव्हता. ४. एकूण १६.

निकालाच्या रविवारी तिच्या आईला तक्ता दिला तेव्हा काही समजावून सांगावं लागलं नाही. समजणं एक, सांगणं एक, शब्द एक, व्याकरण एक. चार गुण कुठे गेले ते ओळीसमोर लिहिलेलं होतं, आणि सुट्टीत काय करायचं तेही त्यातच होतं: जेवताना ‘कोणी काय खाल्लं’ विचारायचं, आणि ‘नी’ ऐकायचा.

हे करताना दोन गोष्टी जमल्या नाहीत. एक मुलगा सहा मिनिटांत अकरा शब्द बोलला. त्याच्या घरी तो अखंड बोलतो असं त्याचे बाबा म्हणाले, आणि मला ते खरं वाटतं. त्याला आम्ही आकडा दिला नाही, ‘आज बोलला नाही’ एवढंच लिहिलं. पुढच्या वेळी त्याला मित्राबरोबर जोडीने बोलावू, एक कार्ड दोघांत. दुसरं, बाहेर आलेली मुलं रांगेतल्या मुलांना कार्ड सांगतात. आम्ही चार कार्डं केली होती, ती पाचव्या मुलापर्यंत बाहेर फुटली. शेवटच्या मुलाने तर मी फोन उचलायच्या आत “मावशी, दुसरं स्टेशन!” असं सांगून टाकलं. लिंग बरोबर होतं.

आजी ऑक्टोबरमध्ये परत गेल्या. जाताना त्यांनी तक्त्याची एक कोरी प्रत मागून घेतली आणि आता रविवारी रात्री नातीला फोनवर कार्डं घालतात, मावशी स्वतः होतात. पुढच्या मे महिन्यासाठी मला नवी कार्डं करायची आहेत. डलसचं आता वर्गात सगळ्यांना पाठ झालं आहे.